केमोनंतर टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन घ्यावं का? मूल अजून व्हायचंय

वारणाकाठ | १२ जानेवारी

नमस्कार मंडळी. हे लिहायला मुद्दाम नवीन आयडी काढला, जुन्या आयडीवर अर्धं गाव ओळखीचं आहे.

वय २९, लग्नाला तीन वर्षं झाली. दीड वर्षापूर्वी आंघोळ करताना डाव्या वृषणात सुपारीएवढी कडक गाठ हाताला लागली. दुखत नव्हती, म्हणून दोन महिने कुणाला बोललो नाही. मग सोनोग्राफी, रक्तातले मार्कर, आणि आठवड्याभरात जांघेतून चीर घेऊन ते वृषण काढलं. नॉनसेमिनोमा जातीचा कॅन्सर निघाला, पोटातल्या लिम्फच्या गाठींपर्यंत गेलेला. बीईपी केमोच्या तीन सायकल झाल्या. शेवटचा डोस संपून आज चौदा महिने झाले. स्कॅन स्वच्छ आहे, पोटातल्या गाठी एक सेंटिमीटरच्या आत आल्या म्हणून पोटाचं ऑपरेशनही टळलं.

आता खरी गोष्ट. इच्छाच उरलेली नाही. बायको शेजारी असते, तिच्यावर माझा जीव आहे, पण आतून काही उठतच नाही. महिन्यातून एकदा जवळ येतो, तेही मी तिच्यासाठी म्हणून. दुपारी तीन वाजता ऑफिसात डोळे मिटायला लागतात. पोट सुटलंय. आई दर फोनला "काही गोड बातमी?" विचारते आणि मी रेंज नाही म्हणून फोन ठेवतो.

गावातल्या डॉक्टरांनी टेस्टोस्टेरॉन तपासलं, २४६ आलं. ते म्हणाले, दर तीन आठवड्यांनी २५० मिलिग्रॅमचं इंजेक्शन घे, महिन्याभरात माणसात येशील. वीर्य तपासणी एकदा केली, शुक्राणू शून्य. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी स्पर्म बँकेत एक नमुना दिला होता, त्याच्या तीन व्हायल आहेत.

सोमवारी पहिलं इंजेक्शन घ्यायचंय. घेऊ ना?

---

लोखंडी_पहिलवान | १२ जानेवारी

भावा, बिनधास्त घे. २४६ म्हणजे साठीच्या म्हाताऱ्याची लेव्हल. मी जिममध्ये दहा वर्षं पोरं बघतोय. टेस्टो आत गेलं की दोन आठवड्यांत इच्छा परत, झोप परत, पोट आत. आणि वीर्य काय, टेस्टोस्टेरॉनवरच बनतं. कमी आहे म्हणून शून्य आलंय. भरलं की दोन्ही कामं होतील.

---

दादरकर_काका | १२ जानेवारी

माझ्या थोरल्या बंधूंना प्रोस्टेटचा कॅन्सर आहे. त्यांचं टेस्टोस्टेरॉन मुद्दाम बंद करण्याची इंजेक्शनं दिली जातात, कारण ते कॅन्सरला खतपाणी घालतं. तुम्ही कॅन्सरमधून उठलेला माणूस तेच बाहेरून घेणार? कृपा करून घेऊ नका. आजार परत येईल.

---

चिमटा_आणि_टाका | १२ जानेवारी, रात्री उशिरा

मी मूत्ररोग शल्यचिकित्सक आहे. वारणाकाठ, तुम्हाला मी तपासलेलं नाही, तेव्हा हे तुमच्या ऑन्कॉलॉजिस्टशी बोलण्याआधीचं बोलणं समजा. पण सोमवारचं इंजेक्शन घेऊ नका. घाईनं लिहितोय कारण ही चूक महिन्यातून एकदा तरी माझ्या टेबलासमोर येऊन बसते.

पहिलवान, तुमचं अर्धं बरोबर आहे. शुक्राणू बनायला टेस्टोस्टेरॉन लागतंच. पण ते वृषणाच्या आत लागतं, आणि तिथं त्याचं प्रमाण रक्ताच्या कित्येक पट असतं. ते तिथल्या तिथं बनवून घेण्यासाठी मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी एलएच हे हार्मोन पाठवते आणि शुक्राणूंच्या पेशींसाठी एफएसएच पाठवते. तुम्ही दंडातून टेस्टोस्टेरॉन टोचलं की पिट्युटरीला वाटतं, माल भरपूर आलाय. ती दोन्ही बंद करते. रक्तातला आकडा वर जातो आणि वृषणाच्या आतला कोसळतो. निरोगी माणसाचे शुक्राणूसुद्धा काही महिन्यांत शून्यावर येतात, आणि इंजेक्शन थांबवल्यावर परतायला सहा महिने, कधी दोन वर्षं लागतात. इथं तर एकच वृषण आहे आणि तेही केमोतून नुकतं सावरतंय.

काका, तुमची काळजी समजते, पण प्रोस्टेटचा कॅन्सर आणि हा कॅन्सर यांचं कूळच वेगळं आहे. प्रोस्टेटच्या पेशी टेस्टोस्टेरॉनवर पोसतात. वृषणाचा कॅन्सर बीजपेशींतून होतो, त्याला या हार्मोनची गरज नसते. ज्यांची दोन्ही वृषणं गेली आहेत त्यांना आपण आयुष्यभर टेस्टोस्टेरॉन देतोच. म्हणजे आजार उलटेल म्हणून नको असं माझं म्हणणं नाही. मूल हवंय म्हणून आत्ता नको.

वारणाकाठ, तीन प्रश्न. रक्त किती वाजता दिलं होतं? एलएच आणि एफएसएच तपासलं का? आणि सकाळी जाग येताना ताठरता असते का?

---

वारणाकाठ | १३ जानेवारी

डॉक्टर, तुमचे आभार मानायला शब्द नाहीत. सोमवार रद्द केला.

रक्त कामावरून सुटल्यावर दिलं, संध्याकाळी साडेपाच. बाकी दोन तपासण्या कुणी सांगितल्याच नाहीत. सकाळचं म्हणाल तर आठवड्यातून दोन-तीनदा असते. मला वाटायचं त्याला काही अर्थ नाही.

---

चिमटा_आणि_टाका | १३ जानेवारी

त्याला फार अर्थ आहे. सकाळी ताठरता येते म्हणजे रक्तवाहिन्या आणि नसा आपलं काम करतायत. यंत्र ठीक आहे, चालवायची इच्छा खाली गेलीय. केमोनंतर येणारे पेशंट सगळं एकाच शब्दात सांगतात, "डॉक्टर, कमजोरी आलीय". त्यात इच्छा, ताठरता, वीर्य बाहेर येणं आणि शुक्राणूंची संख्या अशा चार वेगळ्या गोष्टी गुंडाळलेल्या असतात. प्रत्येकीचं कारण वेगळं, उपायही वेगळा. सकाळची ताठरता महिनोन् महिने गेली असती तर मी केमोतल्या सिस्प्लॅटिन या औषधानं रक्तवाहिन्या आणि नसांचं किती नुकसान केलंय ते शोधलं असतं. थंडीत तुमची बोटं पांढरी पडतात का, तळपायाला मुंग्या येतात का, हे त्याच ओघातले प्रश्न.

टेस्टोस्टेरॉन सकाळी सर्वांत जास्त असतं आणि दिवसभर उतरत जातं, तरुण माणसात तर ठळकपणे. साडेपाचचा २४६ हा निदानाचा आकडा नव्हे. सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान, उपाशीपोटी, दोन वेगळ्या दिवशी द्या. सोबत एलएच, एफएसएच, प्रोलॅक्टिन, एसएचबीजी. वीर्य तपासणी पुन्हा करा आणि लॅबला स्पष्ट सांगा, नमुना सेंट्रिफ्यूज करून तळाचा गाळ बघा. त्याशिवाय लिहिलेल्या 'शून्य'वर मी विश्वास ठेवत नाही.

आणखी एक. डिस्चार्ज कार्डावर सिस्प्लॅटिनचा एकूण डोस बघा.

---

लोखंडी_पहिलवान | १३ जानेवारी

डॉक्टरसाहेब, चुकलो, मान्य. वारणाकाठ, माफ कर मित्रा. पण मग एचसीजी घेता येईल ना? आमच्याकडं पोरं स्टिरॉइडच्या सायकलनंतर तेच घेतात, वृषण जागं होतं त्यानं. आणि युवराज सिंगला हाच कॅन्सर होता, त्याला पुढं मूल झालंच की.

---

चिमटा_आणि_टाका | १३ जानेवारी

एचसीजी? पहिलवान, तो या माणसाचा ट्यूमर मार्कर आहे. दर तपासणीला आजार परतलाय का हे ज्या तीन आकड्यांवरून बघतात, त्यातला एक बीटा-एचसीजी. तेच बाहेरून टोचलं तर पुढच्या रिपोर्टला सगळ्या घराचा श्वास अडकेल. ऑन्कॉलॉजिस्टला न सांगता हे औषध कुणीही घेऊ नये. काही पद्धतींच्या चाचण्यांत एलएच फार वाढलेला असला तरी एचसीजी थोडा वाढल्यासारखा दिसतो. तो घोटाळा आधीच पुरेसा आहे.

युवराजची गाठ छातीत होती, दोन फुप्फुसांच्या मधे. पेशी त्याच कुळातल्या, औषधंही तीच, पण वृषण काढावं लागलं नव्हतं. त्याच्या घरच्या गोष्टीवरून इथला निष्कर्ष काढू नये.

---

मृद्गंध_नाशिक | १५ जानेवारी

मी पेशंट नाही, पेशंटची बायको आहे. हे पहिल्यांदाच कुठंतरी लिहिते आहे.

माझ्या नवऱ्याच्या पोटातल्या गाठी केमोनंतरही उरल्या म्हणून मोठं ऑपरेशन झालं. पोटाच्या मागच्या भागातल्या लिम्फच्या गाठी काढल्या. तीन महिन्यांनी आम्ही जवळ आलो. सगळं नेहमीसारखं, त्यालाही तो क्षण आला, पण बाहेर काहीच नाही. तो गप्प झाला. मी गप्प झाले. मला वाटलं, आता त्याला माझ्यात रस राहिला नाही आणि तो माझ्यासाठी नाटक करतोय. त्याला वाटलं, आपण संपलो. आठ महिने आम्ही एकमेकांना हे विचारलं नाही. आठ महिने!

शेवटी तपासणीच्या वेळी मीच डॉक्टरांना विचारलं. त्यांनी संबंधानंतरची लघवी तपासायला सांगितली. शुक्राणू लघवीत होते. ऑपरेशनमध्ये मणक्याजवळच्या ज्या नसांना धक्का लागला, त्या नसा मूत्राशयाचं तोंड आवळतात. ते आवळलं नाही की वीर्य मागं मूत्राशयात जातं. नसा वाचवून ऑपरेशन करता येतं, पण केमोनंतर सगळं चिकटलेलं असतं आणि दर वेळी जमत नाही, असं त्यांनी सांगितलं. काही गोळ्यांनी दोन-तीन वेळा थोडं बाहेर आलं, मग तेही थांबलं. आमची मुलगी बँकेतल्या व्हायलमधून, इक्सी करून, म्हणजे लॅबमध्ये अंड्यात शुक्राणू सोडून झाली. आता तीन वर्षांची आहे.

वारणाकाठ, तुमच्या बायकोला हे सगळं ठाऊक आहे का? आकडे नाही विचारत मी. तुम्ही तिच्यासाठी म्हणून जवळ येता, हे तिला ठाऊक आहे का?

---

वारणाकाठ | १५ जानेवारी

नव्हतं. काल रात्री हा धागा तिला वाचायला दिला. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मला वाटत होतं माझा कंटाळा आलाय."

डिस्चार्ज कार्ड काढलं. सिस्प्लॅटिन रोज ३४ मिलिग्रॅम, पाच दिवस, तीन वेळा. म्हणजे ५१०.

---

चिमटा_आणि_टाका | १६ जानेवारी

बरं झालं बोललात.

५१० हा आकडा बरा आहे. नॉर्वेत १९८० ते १९९४ मध्ये उपचार झालेल्या पुरुषांचा एक मोठा अभ्यास २००५ साली छापून आला. उपचारानंतर ज्यांनी मुलासाठी प्रयत्न केला, त्यांच्यातल्या किती जणांना १५ वर्षांत स्वतःचं मूल झालं, हे त्यांनी पाहिलं. केमो न लागता नुसत्या देखरेखीवर राहिलेल्यांत ९२ टक्के. ज्यांना एकूण ८५० मिलिग्रॅमपेक्षा जास्त सिस्प्लॅटिन गेलं, त्यांच्यात ४८ टक्के. तुम्ही ८५०च्या बरेच खाली आहात. एक शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात, पण केमोत मूळ पेशीच होरपळतात, म्हणून परतायला वेळ लागतो. बहुतेकांचं पहिल्या दोन वर्षांत दिसू लागतं, काहींचं पाच वर्षांपर्यंत सुधारत राहतं. चौदाव्या महिन्यातलं शून्य हे शेवटचं शून्य नव्हे.

आणि उलट बाजू. रिपोर्टात शून्य आहे म्हणून संततिनियमन सोडू नका. केमोनंतरच्या पहिल्या काळातल्या शुक्राणूंत गुणसूत्रांचे दोष जास्त सापडतात, म्हणून काही डॉक्टर वर्षभर आणि काही दोन वर्षं थांबायला सांगतात. तुमच्या ऑन्कॉलॉजिस्टचं मत काय ते विचारा.

---

बेळगावी_कुंदा | २ फेब्रुवारी

धाग्याचा विषय थोडा वेगळा आहे, पण कुठं विचारू कळेना. माझा धाकटा भाऊ १९ वर्षांचा, वृषण काढून झालंय, येत्या सोमवारी केमो सुरू. स्पर्म बँकेचं कुणी काढलंच नाही. मी ताई असून त्याच्याशी कसं बोलू? बाबा म्हणतात, आधी जीव वाचू दे, पोरगं लहान आहे, हे आत्ता कशाला. पहिली सायकल झाल्यावर दिलं तर चालेल का?

---

उणे_१९६ | २ फेब्रुवारी

ताई, मी स्पर्म बँकेच्या लॅबमध्ये काम करते. नाही चालणार. केमो सुरू झाल्यावरचे नमुने आम्ही शक्यतो घेत नाही, औषधानं त्यांच्या आतल्या डीएनएची मोडतोड होत असते. सोमवारच्या आधी, म्हणजे उद्या सकाळीच फोन करा. अर्जंट ऑन्कॉलॉजी केस म्हणून सांगा. एचआयव्ही आणि काविळीचे बी, सी हे रिपोर्ट लागतील, केमोच्या आधी ते बहुतेक झालेलेच असतात.

दोन-तीन दिवसांचा खंड असलेला बरा, पण वेळ नसेल तर एक दिवसाच्या अंतरानं दोन नमुने द्या. एकच जमला तरी द्या. या आजारात निदानाच्या वेळीच बऱ्याच मुलांची संख्या कमी निघते, ते बघून घाबरू नका. इक्सीला एका अंड्यामागं एकच शुक्राणू लागतो.

तिथं जमत नसेल तर घरून आणता येतो. आमची निर्जंतुक डबी, तेल, थुंकी, साबण काही लावायचं नाही, साधा कंडोम वापरायचा नाही, आणि तासाभरात लॅबमध्ये, डबी शर्टाच्या आत अंगाशी धरून. बर्फात नाही! एका वडिलांनी थर्मासमध्ये बर्फ घालून आणला होता, सगळे गेले. त्यांचा चेहरा मी विसरू शकत नाही.

फॉर्मवर एक रकाना असतो, माणूस गेला तर नमुन्याचं काय करायचं. तो १९ वर्षांच्या मुलाला एकट्याला भरायला लावू नका, पण सही त्याचीच लागते. आणि बोलायचं कसं म्हणाल, तर तुम्ही बोलूच नका. तो सज्ञान आहे. वॉर्डातल्या तरुण रेसिडेंट डॉक्टरला सांगा, भावाशी पाच मिनिटं एकट्याशी बोला. घरच्यांना खोलीबाहेर काढलं की मुलं पटकन हो म्हणतात, हे मी रोज बघते.

---

बेळगावी_कुंदा | ५ फेब्रुवारी

दिला. दोनदा दिला. पहिल्यात ६ मिलियन निघाले, दुसऱ्यात ९. बाबा बाहेर गाडीत बसून होते. मॅडम, तुमचे उपकार आहेत.

---

वारणाकाठ | २० एप्रिल

उशिरा लिहितोय, रिपोर्टची वाट बघत होतो. सकाळी सव्वाआठला टेस्टोस्टेरॉन ३१८, पंधरा दिवसांनी पुन्हा २९१. एलएच १३.४, एफएसएच २७. प्रोलॅक्टिन नॉर्मल. वीर्यात थेट बघितलं तर शून्य, पण गाळ करून बघितल्यावर चार शुक्राणू दिसले, त्यातले दोन हलत होते. बायकोनं तो कागद देव्हाऱ्यात ठेवलाय.

क्लोमिफीनच्या गोळ्या घेऊन बघू का? एका मित्रानं सुचवलं.

---

चिमटा_आणि_टाका | २० एप्रिल

चार ही फार चांगली बातमी आहे. कारखाना बंद नाही.

तुमचे आकडे असे वाचा. ३००च्या आसपास टेस्टोस्टेरॉन, म्हणजे अगदी काठावर. पण एलएच १३ आहे, आणि बऱ्याच लॅबमध्ये त्याची वरची मर्यादा नऊच्या आसपास असते. पिट्युटरी ओरडून ओरडून काम मागतेय आणि वृषण जमेल तेवढं देतंय. केमोनंतर ही अवस्था बऱ्याच तरुणांत दिसते, आणि नुसतं टेस्टोस्टेरॉन तपासलं तर ती नजरेतून सुटते. क्लोमिफीन काय करतं, तर पिट्युटरीला आणखी ओरडायला लावतं. ती आधीच ओरडते आहे, म्हणून मला त्यातून फारशी आशा नाही.

---

अंतःस्रावी | २१ एप्रिल

मी एंडोक्रायनॉलॉजीत आहे. डॉक्टरांशी बहुतांशी सहमत, पण काठावरच्या आकड्यांत तीन महिने क्लोमिफीन देऊन टेस्टोस्टेरॉन थोडं वर गेलेलं मी पाहिलंय. शुक्राणूंची हानी होत नाही, हा त्याचा फायदा. पण या आजारातल्या पेशंटसाठी ठोस पुरावा नाही, हेही खरं. वजन पाच-सहा किलो उतरलं तरी टेस्टोस्टेरॉन थोडं चढतं. झोप कशी आहे? घोरता का?

---

चिमटा_आणि_टाका | २१ एप्रिल

यावर आमच्यात एकमत होणार नाही, आणि ते ठीक आहे. वारणाकाठ, तुमच्या ऑन्कॉलॉजिस्टच्या संमतीनं तीन महिने घेऊन बघितलंत तर मी अडवणार नाही. त्यांचा होकार मिळाला की जे शुक्राणू मिळतील ते थोडे थोडे गोठवत चला.

---

वारणाकाठ | ११ ऑगस्ट

क्लोमिफीन तीन महिने घेतलं. टेस्टोस्टेरॉन ३४०. फरक मला जाणवला नाही. घोरतो, पण झोपेची तपासणी अजून केलेली नाही. वजन चार किलो उतरलं, त्यानं दुपारची झोप मात्र कमी झाली. वीर्यात आता सेंट्रिफ्यूज न करता ०.९ मिलियन, म्हणजे नॉर्मलची खालची मर्यादा १६, तिच्या खूप खाली, पण आहेत. दोन व्हायल गोठवल्या. आता एकूण पाच.

इच्छा अजून पहिल्यासारखी नाही. महिन्यातून एकदाची तीन-चारदा झाली, त्यात हार्मोन किती आणि आम्ही बोलायला लागलो ते किती, सांगता येणार नाही. एक बदल केला. जवळ येणं म्हणजे शेवटपर्यंत जायलाच हवं, हा नियम दोघांनी मिळून काढून टाकला. आईला बायकोनंच सगळं सांगितलं. आई आता फोनवर फक्त जेवलास का विचारते.

आता आमच्यात मतभेद आहे तो इथं मांडतो. मला वाटतं, पाच व्हायल आहेत, इक्सी करून टाकू, गर्भ राहिला की मी टेस्टोस्टेरॉन सुरू करतो. थकलोय मी. ती म्हणते, ०.९ वर आलेत, आणखी सहा महिने दे, तिचं वय २७ आहे, घाई कसली.

---

मृद्गंध_नाशिक | ११ ऑगस्ट

इक्सीची इंजेक्शनं तिच्या पोटात टोचली जाणार आहेत, तुमच्या नाही. तिचं ऐका असं म्हणत नाही, पण हे मोजताना धरा.

---

उणे_१९६ | १२ ऑगस्ट

केमोच्या आधीच्या तीन आणि नंतरच्या दोन अशा वेगळ्या नोंदवल्यात ना, ते बँकेत विचारून घ्या. वापरायची वेळ आली तर आधी कुठली उघडायची हे तुमचे डॉक्टर ठरवतील, पण लेबलवर तारीख नसेल तर त्यांना ठरवताच येणार नाही. आणि वर्षाचं भाडं भरल्याची पावती जपून ठेवा, पत्ता बदलला तर कळवा.

---

वारणाकाठ | १२ ऑगस्ट

विचारलं. तारखा आहेत. पुढची वीर्य तपासणी १० नोव्हेंबरला. तोपर्यंत इंजेक्शन नाही, एवढं दोघांचं ठरलंय.